साखरपुडा मोडल्याचं नातेवाइकांना कसं सांगावं?

साखरपुडा झालेला, कार्यालयाची आगाऊ रक्कम भरलेली, केळवणं सुरू झालेली, आणि लग्न मोडतं. अशा वेळी घरचे आठ-पंधरा दिवस गप्प बसतात आणि तिथेच घोळ होतो. केळवणाला कधी येताय म्हणून मावशीचा फोन येतो, आई अडखळते, आणि मग बातमी प्रत्येकाच्या तोंडून वेगळी पसरते.

आधी आई, वडील आणि मुलगी यांनी बसून एकच वाक्य ठरवावं. शक्य असेल तर समोरच्या घरालाही ते कळवावं, म्हणजे दोन्हीकडून एकच गोष्ट बाहेर जाईल. मामा, आत्या, काका आणि स्थळ सुचवणारे मध्यस्थ यांना वडिलांनी किंवा आईने त्याच दिवशी फोन करावा. ग्रुपवरून कळलं तर ही माणसं दुखावतात आणि जास्त विचारतात. बाकीच्यांना संध्याकाळी एक संदेश पुरे:

“नमस्कार. आमच्या मुलीचं ठरलेलं लग्न दोन्ही घरांनी विचार करून रद्द केलं आहे. १४ डिसेंबरचं कार्य होणार नाही. कुणी गाडीची तिकिटं काढली असतील तर कृपया रद्द करावीत. घरी सगळे ठीक आहोत. या विषयावर आणखी काही बोलायची आमची इच्छा नाही, समजून घ्यावं.”

यात कारण नाही, हे मुद्दाम. “पत्रिकेत दोष निघाला” म्हटलं की “साखरपुड्याआधी पाहिली नव्हती का?” हा प्रश्न ठरलेलाच. “काही कारणास्तव” हे शब्दही टाळावेत. ते कारण लपवल्यासारखं वाटून कुतूहल वाढवतात. “तूर्त पुढे ढकललंय” तर मुळीच लिहू नये, कारण मग नवी तारीख विचारणारे फोन महिनोन् महिने येत राहतात. “घरी सगळे ठीक आहोत” हे मात्र गाळू नका. निम्मे फोन केवळ काळजीपोटी येतात आणि त्यांचं उत्तर या चार शब्दांत मिळतं.

तरीही काकू विचारतीलच, “पण झालं काय गं नेमकं?” तेव्हा नवं वाक्य शोधायचं नाही. “काकू, दोन्ही घरांनी मिळून ठरवलं. तुमचा गुडघा कसा आहे आता?” पुन्हा विचारलं, तरी पुन्हा तेच. एकीला विश्वासात घेऊन थोडं जास्त सांगितलं की ते दुसरीपर्यंत पोहोचतं आणि ती दुखावून फोन करते. मुलाकडच्यांबद्दल वाईट शब्द तर कुणाकडेच काढू नये; तो त्यांच्यापर्यंत जातो, तिकडून उत्तर येतं आणि संपलेला विषय पुन्हा पेटतो.

अपवाद एकच. फसवणूक, हुंड्याची मागणी किंवा धमकी असं काही घडलं असेल, तर ते जवळच्या दोन-तीन जाणत्या माणसांना आणि वकिलाला स्पष्ट सांगावं. संदेश तरीही तोच ठेवावा.

आणि असा संदेश तुम्हाला आला, तर “कळलं. काही लागलं तर हक्काने सांगा,” एवढं लिहा आणि मुलीला फोन करू नका.