बॉयलरवाल्याचं कव्हर लेटर

‘मला सायबर सुरक्षेची मनापासून आवड आहे आणि मी नवीन गोष्टी पटकन शिकतो.’ मेकॅनिकल इंजिनिअर नोकरीचं क्षेत्र बदलायला निघाला की त्याच्या पत्राची सुरुवात हमखास अशी होते. हे वाक्य कुणीही लिहू शकतो, त्यामुळे निवड करणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. कारखान्यातल्या यंत्रांना हुकूम देणारे संगणक, म्हणजे पीएलसी आणि स्काडा, सुरक्षित ठेवणाऱ्या कंपनीला अर्जदाराकडून वेगळंच हवं असतं. चुकीचा हुकूम गेला तर यंत्राचं काय होईल, हे त्याला सांगता येतं का?

अमेरिकेतल्या आयडाहो नॅशनल लॅबोरेटरीत 2007 साली झालेली ‘ऑरोरा’ चाचणी पाहिली की हा प्रश्न का महत्त्वाचा आहे ते कळतं. तिथे एक मोठा डिझेल जनरेटर वीजजाळ्याला जोडला होता. संशोधकांनी दुरून हुकूम पाठवून त्याचा ब्रेकर उघडला. डोक्यावरचा भार गेल्याबरोबर जनरेटरचा वेग वाढला आणि त्याची जाळ्याशी असलेली लय सुटली. लगेच ब्रेकर पुन्हा बंद केला, तेव्हा जाळ्याने रोटरला हिसका देऊन आपल्या लयीत खेचलं. तो सगळा धक्का शाफ्ट आणि कपलिंगने सोसला. असं काही वेळा केल्यावर कपलिंगच्या रबराचे तुकडे उडाले, धूर निघाला आणि जनरेटर निकामी झाला. सुरुवात काही हुकुमांनी झाली, पण तुटलं ते लोखंड आणि रबर. शाफ्टवरचा पीळ ज्याने हिशेबात धरलेला असतो, त्याला ही गोष्ट लगेच उमगते.

म्हणूनच अशा अर्जदाराने आपली जुनी नोकरी झाकून ठेवू नये. समजा, त्याने रसायन कारखान्याच्या देखभाल विभागात आठ वर्षं काढली आहेत. ‘बॉयलर, पंप, कॉम्प्रेसरचा अनुभव’ एवढंच लिहून भागत नाही. त्याऐवजी पत्राचा मधला परिच्छेद असा असू शकतो:

‘वार्षिक शटडाऊननंतर बॉयलर सुरू करण्यापूर्वी, पाण्याची पातळी धोक्याखाली गेल्यावर बर्नर बंद करणारा इंटरलॉक मी तपासला. पातळी खाली आणूनही ट्रिप मिळाली नाही. दुरुस्तीच्या वेळी पीएलसीमध्ये ते इनपुट फोर्स केलं होतं आणि काढायचं राहून गेलं होतं. त्यानंतर प्रत्येक फोर्सची नोंद रजिस्टरमध्ये करून, बॉयलर चालू करण्यापूर्वी दोघांच्या सह्यांनी ती मिटवायची पद्धत आम्ही सुरू केली.’

यात सायबर हा शब्दही नाही, तरी जाणकार वाचक इथे थांबतो. इनपुट फोर्स केलं की सेन्सर काहीही सांगो, पीएलसी ठरवून दिलेलंच मूल्य खरं मानतो. ड्रममधलं पाणी आटलं तरी बर्नर पेटलेलाच राहतो आणि नळ्या तापून फाटू शकतात. कामगाराकडून जे विसरून राहतं, तेच हल्लेखोर मुद्दाम करू पाहतो. 2017 साली सौदी अरेबियातल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात ‘ट्रायटन’ नावाचा मालवेअर सुरक्षा-कंट्रोलरमध्ये शिरला. तिथे कंट्रोलरची किल्ली ‘प्रोग्रॅम’वर राहिल्यामुळे बाहेरचा कोड आत घालता आला. कंट्रोलरने गडबड ओळखून कारखाना ट्रिप केला, म्हणून प्रकरण उजेडात आलं.

पत्रात आणखी एक खूण दिसावी लागते: कार्यालयातली सुरक्षेची रीत यंत्रावर जशीच्या तशी लादायची नाही, याची जाण. कार्यालयात नेटवर्क सर्रास स्कॅन करतात. चालू लाइनवर तसंच केलं, तर अनपेक्षित संदेशांच्या माऱ्याने एखादा जुना पीएलसी अडकू शकतो. पॅच बसवायलाही शटडाऊनची वाट पाहावी लागते. ‘स्कॅन शटडाऊनमध्ये किंवा वेगळ्या टेस्ट-बेंचवर, चालू लाइनवर फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या संदेशांची नक्कल घेऊन निरीक्षण’ एवढं लिहिलं, तरी अर्जदार कारखान्यातला आहे हे दिसून येतं.

उणीव मात्र झाकायची नाही. फायरवॉलचे नियम कधी लिहिले नसतील, तर तसं एका वाक्यात सांगावं आणि पुढे घरी काय केलं ते नेमकं द्यावं: जुना पीएलसी घेतला, मॉडबसचे संदेश वायरशार्कमध्ये पाहिले, आणि लिहायचा हुकूम पाठवणारा कोण आहे हे पीएलसी विचारतच नाही, हे स्वतः अनुभवलं. मूळ मॉडबसमध्ये पासवर्डची सोयच नाही. आयईसी 62443 या मानकातले झोन आणि कंड्युइट वाचले असतील, तर त्यांनुसार आपल्याच बॉयलर हाउसची आखणी कशी केली ते सांगावं. नुसतं ‘अभ्यास चालू आहे’ लिहिण्याला किंमत नसते.

हे सगळं एका पानात बसतं. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा त्या फोर्सवरच येतो: रजिस्टरमध्ये नोंद नसती, तर तो कसा सापडला असता? पीएलसीतला चालू प्रोग्रॅम जपून ठेवलेल्या प्रतीशी ताडून पाहिला, तर बदललेलं लॉजिक दिसतं. पण फोर्स बहुतेकदा प्रोग्रॅमच्या प्रतीत नसतो, त्याची यादी थेट कंट्रोलरमधून वेगळी काढावी लागते. हे उत्तर देणाऱ्याच्या मेकॅनिकल डिग्रीबद्दल पुढे कुणी फारसं विचारत नाही.