घरच्या घरी रक्तदाब मोजताना

घरगुती रक्तदाबमापक दंडावरच्या पट्ट्यात हवा भरतो आणि धमनी दाबून धरतो. दाब बदलत असताना धमनीच्या ठोक्यांमुळे पट्ट्यात उठणारी कंपने तो टिपतो आणि त्यावरून वरचा व खालचा आकडा काढतो. यंत्राला फक्त पट्ट्याखालचा दाब कळतो. तो पट्टा हृदयाच्या पातळीला आहे की खाली लोंबतो आहे, हे त्याला समजत नाही. घरच्या आकड्यांतल्या बऱ्याच चुका इथेच होतात.

पट्टा हृदयाच्या खाली गेला, की तेवढ्या उंचीच्या रक्ताचा भार दाबात मिसळतो. दर 10 सेंटिमीटरला आकडा साधारण 7 ते 8 ने वाढतो. समजा, साठीतल्या एका गृहस्थांचा खरा वरचा आकडा 132 आहे. सोफ्यावर बसून हात बाजूला सोडला आणि पट्टा हृदयापेक्षा 8 सेंटिमीटर खाली राहिला, तर यंत्र 138 च्या आसपास दाखवेल. घरच्या मोजणीत 135 ही मर्यादा धरतात. म्हणजे केवळ हाताच्या ठेवणीमुळे हे गृहस्थ रक्तदाबाचे रुग्ण ठरू शकतात. हात उंच धरला तर उलटे होते, आणि खरोखर वाढलेला दाब लपून जातो.

म्हणून पाठीला आधार देणाऱ्या खुर्चीत बसावे, पावले जमिनीवर टेकवावीत आणि पायावर पाय टाकू नये. हात टेबलावर असा ठेवावा, की पट्ट्याचा मध्य छातीच्या मध्याशी येईल. टेबल बुटके असेल तर घडी घातलेली चादर हाताखाली घ्यावी. हात स्वतःच्या बळावर उचलून धरू नये, कारण ताणलेल्या स्नायूंमुळेही दाब चढतो. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या दोन-तीन सेंटिमीटर वर बांधावा. बाही वर सरकवून तिचा दंडावर आवळ होत असेल, तर हात बाहीतून काढलेला बरा. दंड जाड असेल तर मोठा पट्टा घ्यावा लागतो, कारण लहान पट्टा आकडा वाढवून दाखवतो. दंडाचा घेर किती चालेल हे पट्ट्यावरच छापलेले असते. पहिल्यांदा दोन्ही हातांवर मोजून, ज्या हाताचा आकडा सातत्याने जास्त येतो, तोच पुढे वापरावा.

मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे आणि मोजताना बोलू नये. त्याआधीच्या अर्ध्या तासात चहा, कॉफी, तंबाखू आणि व्यायाम टाळावा. लघवी तुंबलेली असली तरी दाब वाढतो, त्यामुळे आधी जाऊन यावे. सकाळची वेळ उठल्यानंतर तासाभरातली, नाश्त्याच्या आणि गोळीच्या आधीची. संध्याकाळची जेवणापूर्वीची किंवा झोपण्यापूर्वीची चालते, पण ती रोज एकच असावी. दर वेळी एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहावेत. नकोसा आकडा वहीतून गाळला तर वहीचा उपयोगच उरत नाही.

डॉक्टरांना दाखवण्यासाठी असे सात दिवस मोजावे. पहिल्या दिवशी नवेपणाने आकडे चढे येतात, म्हणून ते सोडून उरलेल्या 24 नोंदींची सरासरी काढतात. ती 137/83 आली, तर खालचा आकडा 85 च्या आत असूनही दाब वाढलेलाच मानतात, कारण दोन्हींपैकी एकाने मर्यादा ओलांडली तरी पुरते. दवाखान्यात हीच मर्यादा 140/90 असते. एखाद्याच दिवशी आलेल्या 148 वरून मात्र काही ठरत नाही.

वरचा आकडा 180 किंवा खालचा 120 च्या पुढे गेला, तर आधी त्रास होतो आहे का ते पाहावे. छातीत दुखणे, धाप लागणे, अंगाची एक बाजू लुळी पडणे, बोलणे अडखळणे, दिसेनासे होणे किंवा गोंधळल्यासारखे होणे, यांपैकी काहीही असेल तर पुन्हा मोजत बसू नये. 108 ला फोन करून लगेच रुग्णालय गाठावे. ही लक्षणे आकडा कमी असला तरी तितकीच गंभीर असतात. गरोदरपणात नियम अधिक कडक आहेत. तिथे 140/90 ला त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि 160/110 ला त्रास नसला तरी रुग्णालयात जावे.

इतरांना काही त्रास नसेल तर पाच मिनिटे स्वस्थ बसून पुन्हा मोजावे आणि आकडा तसाच राहिला तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलावे. घाबरून जास्तीची गोळी स्वतःहून घेऊ नये. दाब एकाएकी फार उतरला तर मेंदूला रक्त कमी पडू शकते.