मजुरी घटली, भिंत महागली

शनिवारी संध्याकाळी बांधकामावर हप्ता वाटला जातो. मुकादम मस्टर घेऊन बसतो, हजेऱ्या मोजल्या जातात आणि आठवड्याचा मजुरीचा आकडा ठेकेदाराच्या हाती येतो. हा आकडा ठरवल्यापेक्षा कमी निघाला, तर आठवडा चांगला गेला असं समजलं जातं. पण टोळीतली माणसं तेवढीच राहून गवंडी कमी आणि बिगारी जास्त झाले असतील, तर या कमी आकड्याच्या आड मोठं नुकसान लपलेलं असू शकतं. ते शोधायला परिव्यय लेखापालांकडे दोन मोजमापं असतात: मिश्रण तफावत आणि उतारा तफावत. ही दोन्ही सुटी वाचली की माणूस हमखास फसतो.

वीटकामाचंच उदाहरण घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. ठरलेली टोळी १५ जणांची आहे, ६ गवंडी आणि ९ बिगारी. गवंड्याचा रोज ९०० रुपये, बिगाऱ्याचा ६००. सहा दिवसांच्या ९० हजेऱ्या होतात, त्यांत ३६ गवंड्यांच्या आणि ५४ बिगाऱ्यांच्या. दोन्हींचे प्रत्येकी ३२,४०० धरून आठवड्याची मजुरी ६४,८०० रुपये. एका गवंड्याने दिवसाला सव्वा घनमीटर, म्हणजे सव्वासहाशेच्या आसपास विटा रचाव्यात अशी अपेक्षा आहे. त्या हिशेबाने आठवड्याला ४५ घनमीटर काम व्हायला हवं आणि एका घनमीटरमागे मजुरी १,४४० रुपये पडायला हवी.

आता ऐन हंगामात दोन गवंडी गावी निघून गेले. मुकादमाने १५ चा आकडा भरून काढण्यासाठी दोन बिगारी वाढवले. टोळी ४ गवंडी आणि ११ बिगारी अशी झाली. उरलेलेही जातील या भीतीने गवंड्यांचा रोज ९५० केला. आठवडाअखेर गवंड्यांचे २२,८०० आणि बिगाऱ्यांचे ३९,६०० असे ६२,४०० रुपये वाटले गेले. ठरल्यापेक्षा २,४०० कमी! पण मोजमापात वीटकाम भरलं ३५ घनमीटर.

इथे पहिली दुरुस्ती करावी लागते. वाटलेल्या पैशांची तुलना ६४,८०० शी करायचीच नाही. तो खर्च ४५ घनमीटरचा होता. ३५ घनमीटरला १,४४० च्या दराने ५०,४०० रुपये लागायला हवे होते, प्रत्यक्षात ६२,४०० गेले. म्हणजे २,४०० ची बचत नव्हे, १२,००० चा तोटा झाला.

हा तोटा कुठून आला, ते तीन टप्प्यांत उलगडतं. गवंड्यांना २४ हजेऱ्यांवर ५० रुपये जास्त दिले, ते १,२०० रुपये दराच्या खात्यात गेले. मग दरवाढ बाजूला ठेवून फक्त टोळीची घडण पाहायची. त्याच ९० हजेऱ्या ठरलेल्या प्रमाणात असत्या तर ६४,८०० लागले असते. बदललेल्या प्रमाणात, जुन्याच दरांनी, ६१,२०० लागतात. महाग माणसाच्या जागी स्वस्त माणूस आल्याने ३,६०० रुपये वाचले. ही मिश्रण तफावत, आणि ती अनुकूल आहे. शेवटी ९० हजेऱ्यांतून ४५ घनमीटर यायला हवं होतं, १० कमी आलं. दर घनमीटरला १,४४० प्रमाणे ही उतारा तफावत १४,४०० रुपये, प्रतिकूल. दरात १,२०० गेले, मिश्रणात ३,६०० आले, उताऱ्यात १४,४०० गेले, एकूण १२,००० चा तोटा. हिशेब जुळला.

हिशेब जुळला तरी निवाडा चुकू शकतो, आणि मला सर्वांत जास्त खटकतं ते इथेच. कागदावर मिश्रणाची बचत माणसं नेमणाऱ्याच्या नावावर जमा होते आणि उताऱ्याचा तोटा कामावरच्या टोळीच्या माथी मारला जातो. ‘टोळी ढिली पडली’ असा शेरा येतो. प्रत्यक्षात पाहा. चार गवंड्यांच्या २४ हजेऱ्यांतून सव्वा घनमीटरच्या मापाने ३० घनमीटरच काम अपेक्षित होतं. त्यांनी ३५ केलं. म्हणजे प्रत्येक जण मापाच्या वर गेला. त्यांना आळशी म्हणणं हा सरळ अन्याय आहे. उताऱ्यातला तोटा टोळीच्या घडणीतून आला, हातांच्या ढिलाईतून नाही.

असं का होतं हे परांचीजवळ उभं राहिल्यावर दिसतं. बिगारी विटा भिजवतो, माल कालवतो, घमेली वर चढवतो. दोरी धरून, ओळंबा लावून थर चढवणं हे गवंड्याचंच काम. जास्तीच्या बिगाऱ्यामुळे गवंड्याला वीट हातात मिळते, त्याचा हात थोडा वेगाने चालतो. त्या वेगालाही मर्यादा आहे. गवंड्याच्या मागे विटांचे ढीग साचलेत, कालवलेला माल घमेल्यात घट्ट होऊ लागलाय आणि दोन बिगारी खाली बसून आहेत, असं दिसलं की टोळीचं प्रमाण बिघडलंय हे मस्टर न उघडता कळतं. एखादा बिगारी थापी हाती घेऊन रचायला लागला तर अधिक सावध व्हावं. सांधे जाड होतात, थर ओळंब्यातून सुटतो आणि मोजमापात भरलेलं काम पुढच्या आठवड्यात पाडावं लागतं. उतारा मोजताना पसंत झालेलंच काम धरायचं, ते यासाठी.

आणखी एक गाळणी आधी लावावी लागते. समजा, त्या आठवड्यात विटांची गाडी आली नाही आणि अख्खी टोळी अर्धा दिवस बसून राहिली. त्या साडेसात हजेऱ्यांचे ५,१०० रुपये रिकाम्या वेळेच्या खात्यात वेगळे टाकायला हवेत. तसं केलं की उताऱ्यातला तोटा ९,००० वर उतरतो आणि मिश्रणातली बचतही ३,३०० होते. एकूण १२,००० तेच राहतात, पण ५,१०० चा जाब आता गाडी न पाठवणाऱ्याला द्यावा लागतो.

सूत्रांची मर्यादाही ओळखायला हवी. मिश्रण तफावत माणसांकडे फक्त दराच्या नजरेने पाहते. स्वस्त माणसाकडे झुकलं की ती अनुकूलच येणार, काम बुडालं तरी. म्हणून निर्णय घेताना सूत्र बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारावा: जास्तीच्या माणसांनी काम किती वाढवलं? चार गवंड्यांना ठरलेल्या प्रमाणात सहाच बिगारी लागतात. ते दहा जण ३० घनमीटर काम करतात. उरलेल्या पाच बिगाऱ्यांना आठवड्याचे १८,००० रुपये मिळाले आणि काम वाढलं ५ घनमीटर. त्या वाढीव कामाचा घनमीटर ३,६०० ला पडला.

याच्या शेजारी दुसरा पर्याय मांडून पाहा. गावी गेलेल्या दोघांच्या जागी बाहेरून दोन गवंडी १,२०० रुपये रोजाने आणले, आधीच्या चौघांना ९५० च दिले आणि बिगारी नऊ ठेवले. बाहेरून आणलेल्यांचा रोज ऐकून हिशेबनीस नाराज होईल, दराच्या खात्यात ४,८०० चा तोटाही दिसेल. एकूण ६९,६०० रुपये वाटावे लागतील. पण सव्वा घनमीटरचं माप टिकलं तर ४५ घनमीटर भरेल आणि घनमीटरला मजुरी पडेल सुमारे १,५४७ रुपये. स्वस्त वाटलेल्या टोळीची तीच मजुरी १,७८३ पडली होती. हे गणित सोमवारी सकाळी माणसं बोलावण्याआधी करावं लागतं, कारण शनिवारी मस्टर मिटतं तेव्हा पैसे वाटून झालेले असतात.