यंत्राचं लिखाण ओळखताना माणूस दुखावू नये म्हणून

चॅटजीपीटी लोकांच्या हाती आलं ते ३० नोव्हेंबर २०२२ रोजी. त्यानंतर पाचव्याच दिवशी स्टॅक ओव्हरफ्लो या जगभरच्या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळानं, चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेली उत्तरं टाकायला तात्पुरती बंदी घातली. ही उत्तरं दिसायला नीटनेटकी आणि ठाम होती, पण बऱ्याचदा चुकीची होती. आणि ती तयार करायला काही सेकंद पुरत असले, तरी चूक शोधायला जाणकार माणसाची वीस मिनिटं सहज जात. ती मिनिटं खर्च करणारे होते मॉडरेटर, म्हणजे सदस्यांनीच निवडून दिलेले, एक पैसाही न घेता काम करणारे लोक.

पुढच्या सहा महिन्यांत हेच मॉडरेटर आणि कंपनी एकमेकांसमोर उभे राहिले. मे २०२३च्या अखेरीस कंपनीनं त्यांना सांगितलं, की केवळ यंत्राच्या मजकुराच्या संशयावरून उत्तरं काढणं आणि सदस्यांना निलंबित करणं जवळपास थांबवा, कारण त्यात खरे सदस्य भरडले जात आहेत. मॉडरेटरांचं म्हणणं होतं, की आम्ही अनेक खुणा जुळवून निर्णय घेतो आणि ही सूचना म्हणजे दर्जा वाऱ्यावर सोडणं आहे. ५ जूनला त्यांनी संप पुकारला. तो सुमारे दोन महिने चालला आणि मिटला तेव्हा कोणत्या खुणा ग्राह्य धरायच्या यावर दोन्ही बाजूंना बसून बोलावं लागलं.

मला या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. खोट्या उत्तरांनी जागा भरली तर जाणकार माणसं निघून जातात. पण रात्री जागून उत्तर लिहिणाऱ्याला ‘हे तुम्ही लिहिलेलंच नाही’ असं ऐकवलं, तर तोही निघून जातो, आणि मनात कडवटपणा घेऊन जातो. म्हणून मॉडरेटरांना ओळखायला शिकवायचं असेल, तर कुठे थांबायचं हे त्याच बैठकीत शिकवायला हवं.

सगळ्यांना पहिल्यांदा सुचतो तो उपाय म्हणजे मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर. ओपनएआय या चॅटजीपीटीच्याच कंपनीनं जानेवारी २०२३मध्ये असं एक साधन काढलं. त्यांच्याच चाचणीत त्यानं यंत्राच्या मजकुरापैकी फक्त २६ टक्के मजकूर पकडला आणि माणसांच्या ९ टक्के मजकुरावर यंत्राचा शिक्का मारला. जुलैमध्ये, अचूकता कमी असल्याचं सांगून, कंपनीनं ते बंद केलं. नंतरची साधनं सुधारली आहेत. तरी एक साधा हिशेब करून पाहू. समजा, महिन्याला १,००० लेख-उत्तरं येतात आणि त्यांतली ४० यंत्राची आहेत. साधन यंत्राचा ९० टक्के मजकूर पकडतं आणि माणसांच्या बाबतीत फक्त ५ टक्के वेळा चुकतं, म्हणजे बरंच चांगलं आहे. ते ४० पैकी ३६ पकडेल. पण माणसांच्या ९६० पैकी ४८ जणांवरही बोट ठेवेल. म्हणजे पकडलेल्या ८४ जणांत निम्म्याहून अधिक निर्दोष. नव्या मॉडरेटरला हा हिशेब कागदावर स्वतःच्या हातानं करायला लावावा. तो केला की साधनाच्या पडद्यावर दिसणारा ‘९५ टक्के’ हा आकडा वेगळा वाटू लागतो.

हे निर्दोष ४८ जण कोण असतात, हे त्याहून महत्त्वाचं. २०२३मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात साधनं घेऊन त्यांना इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध दाखवले. चॅटजीपीटीच्या आधी माणसांनीच लिहिलेले हे निबंध साधनांनी सरासरी ६१ टक्के वेळा यंत्राचे ठरवले. अमेरिकेतल्या आठवीच्या मुलांच्या निबंधांच्या बाबतीत मात्र ती क्वचितच चुकली. कारण साधं आहे. पुढचा शब्द कोणता येईल हे जितकं सहज ओळखता येतं, तितका मजकूर यंत्राचा, असं ही साधनं धरतात. परक्या भाषेत लिहिणारा माणूस मोजके, ओळखीचे शब्द आणि शाळेत पाठ केलेली वाक्यरचना वापरतो. साताऱ्याचा किंवा नांदेडचा एखादा अभियंता मनातलं मराठी इंग्रजीत उतरवून उत्तर लिहितो, तेव्हा तोही नेमका असाच लिहितो. अशा माणसाला यंत्र ठरवणं हा मला निव्वळ अन्याय वाटतो.

साधनं नकोत, तर नुसती नजर पुरते का? काही अंशी पुरते. २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लिखाणासाठी ही यंत्रं रोज वापरणाऱ्या माणसांना इंग्रजीतले ३०० लेख दाखवले गेले. अशा पाच जणांचं बहुमत घेतलं तर ३०० पैकी एकाच लेखाच्या बाबतीत निर्णय चुकला. यंत्रं फारशी न वापरणाऱ्यांचे अंदाज मात्र नाणेफेकीच्या जवळपास होते. यातून प्रशिक्षणासाठी दोन गोष्टी निघतात. मॉडरेटरनं आधी स्वतः ही यंत्रं पुष्कळ वापरून पाहावीत, आपल्याच समूहातले प्रश्न त्यांना घालावेत आणि उत्तरं वाचून वाचून त्यांची ढब ओळखीची करून घ्यावी. आणि निकाल एकट्यानं देऊ नये. मात्र तो अभ्यास पूर्ण लांबीच्या इंग्रजी लेखांचा होता. चार ओळींच्या मराठी प्रतिसादाला तो भरवसा लावता येणार नाही.

आपली नजर तयार झाली की नाही हे तपासायचा सगळ्यांत प्रामाणिक मार्ग तारखेत आहे. नोव्हेंबर २०२२च्या आधी टाकलेला मजकूर चॅटजीपीटीचा असू शकत नाही. म्हणून सरावासाठी त्याच समूहातली जुनी, २०१५ ते २०२१मधली उत्तरं काढावीत, तारीख आणि नाव झाकावं, त्यांत मुद्दाम यंत्राकडून लिहून घेतलेली काही उत्तरं मिसळावीत आणि शिकणाऱ्याला निवड करायला सांगावं. त्यानं जुन्या उत्तरांपैकी जितकी यंत्राची ठरवली, तितक्या खऱ्या माणसांवर त्यानं आळ घेतला, याबद्दल वादच उरत नाही. जुन्यांत ठळक मथळे देणारे, मुद्दे पाडून लिहिणारे, ‘नमस्कार, आपला प्रश्न उत्तम आहे’ असं म्हणून सुरुवात करणारे, व्याकरण अचूक असणारे लोक हवेतच. निवृत्त शिक्षक, बँकेतले अधिकारी, वकील पूर्वीपासून असंच लिहीत आले आहेत.

मग पक्क्या खुणा कोणत्या? इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवकांनी या बाबतीत सर्वांत शिस्तीचं काम केलं आहे. यंत्राच्या लिखाणाच्या खुणांचं एक मोठं पान त्यांनी तयार केलं, आणि निर्दोष व्याकरण किंवा जडजंबाल शब्द यांवरून काहीच सिद्ध होत नाही, असा इशाराही दिला. ऑगस्ट २०२५मध्ये त्यांनी चर्चेविना लेख काढून टाकण्याचा नियम केला, तोही शैलीवर बेतलेला नाही. लेखात यंत्रानं वापरणाऱ्याला उद्देशून लिहिलेलं वाक्य तसंच राहिलं असेल, किंवा अस्तित्वातच नसलेले संदर्भ दिले असतील, तरच तो लागू होतो. चिकटवताना राहून गेलेले `oaicite`, `turn0search0` यांसारखे तुकडेही असतात. दुव्याच्या शेवटी `utm_source=chatgpt.com` दिसलं, तर तो दुवा चॅटजीपीटीतून आला एवढंच कळतं. मजकूर माणसानं लिहिलेला असू शकतो.

आता एक सरावाचं उदाहरण घेऊ. समजा, इतिहासाच्या एका समूहात कुणी पेशवेकालीन पुण्याच्या कात्रजच्या नळाबद्दल विचारलं आणि दोन उत्तरं आली. पहिलं गुळगुळीत, मथळे पाडलेलं, शेवटी ‘थोडक्यात सांगायचं तर’ असलेलं. दुसरं ओघवतं, मध्यम लांबीचं, खाली दोन ग्रंथांची नावं आणि आयएसबीएन क्रमांक. नवा मॉडरेटर बहुधा पहिल्यावर संशय घेतो. पण सदस्याचं जुनं लिखाण उघडलं तर २०१९पासून तो असंच लिहितो. त्याचा प्रश्न तिथेच मिटतो. दुसऱ्याचा आयएसबीएन तपासायला कागद-पेन्सिल पुरते. तेरा अंकांपैकी पहिले बारा आळीपाळीनं १ आणि ३ नं गुणायचे, बेरीज करायची, तेरावा अंक मिळवायचा. एकूण संख्येला दहानं पूर्ण भाग गेला पाहिजे. ९७८०३०६४०६१५७ या क्रमांकात बारा अंकांची बेरीज ९३ येते, शेवटचे ७ मिळवून १००, म्हणजे क्रमांक नियमात बसतो. आपल्या उत्तरातला एक क्रमांक असा बसत नाही आणि त्या नावाचं पुस्तक कुठल्याच ग्रंथालयाच्या सूचीत नाही. नुसता क्रमांक चुकला असता तर टंकनदोष म्हणता आला असता, कारण पुस्तकांवरही कधीकधी चुकीचे क्रमांक छापले जातात. उलट, मनानं रचलेला क्रमांकही दहातून एकदा योगायोगानं नियमात बसतो. म्हणून ग्रंथ शोधणं टाळता येत नाही.

इथपर्यंत आल्यावरही आरोप करायचा नसतो, विचारायचं असतं. उघड चर्चेत नाही, खासगी संदेशात, आणि एकाच मॉडरेटरनं. संदेश साधारण असा: ‘नमस्कार. तुमच्या उत्तरातला दुसरा ग्रंथ आम्हाला सापडला नाही. तो तुम्ही कुठे पाहिला आणि हा उल्लेख कोणत्या पानावर आहे, हे कळवाल का? तोवर उत्तर झाकून ठेवलं आहे. तुमच्या खात्यावर काहीही कारवाई केलेली नाही.’ यात ‘यंत्र’ हा शब्दच नाही. खऱ्या माणसाकडे उत्तर असतं: पुस्तकाचा फोटो, ग्रंथालयाचं नाव, किंवा ‘नाव आठवणीतून दिलं, चुकलं’ अशी कबुली. शिवाय, ‘तुम्ही यंत्र वापरलं का?’ या प्रश्नाला खरा माणूस ‘नाही’ म्हणण्यापलीकडे काहीच करू शकत नाही. आपण लिहिलं हे सिद्ध कसं करणार? म्हणून ज्या प्रश्नाचं उत्तर निर्दोष माणसाला देता येतं, तोच प्रश्न विचारायचा.

संदर्भ खोटा निघाला, तर उत्तर काढायचं कारणही तेच लिहायचं: दिलेला ग्रंथ अस्तित्वात नाही. निलंबनाचा विचार असंच पुन्हा पुन्हा घडलं तरच, आणि सदस्यानं दाद मागितली तर ती पहिल्या निर्णयात नसलेल्या दुसऱ्या मॉडरेटरनं वाचायची. व्याकरण सुधारून घ्यायला, बोलून टंकलेखन करायला किंवा मराठीतून इंग्रजी करायला कुणी यंत्राची मदत घेतली असेल, तर ती चालते की नाही हे नियमांत आधीच लिहून ठेवलेलं असावं. नाहीतर दृष्टी अधू असलेला किंवा बोटं दुखणारा सदस्य पहिल्याच फेऱ्यात सापडतो.

या रीतीनं काही जण सुटतील. यंत्राकडून लिहून घेऊन, संदर्भ तपासून, वाक्यं मोडून मांडणारा माणूस कुणालाच ओळखता येणार नाही. त्याचं उत्तर बरोबर असेल तर ते राहील; चूक असेल तर इतर कुठल्याही चुकीच्या उत्तरासारखं, चूक दाखवून, निघेल.