गाडीत ४६, मोबाइलवर ३९: बदलापूरचं तापमान नेमकं किती?

समजा, एप्रिलमधली दुपार आहे. बदलापूर स्टेशनजवळ तासभर उन्हात उभी असलेली गाडी सुरू केली, तर समोर ४६ अंश दिसतात. हातातल्या मोबाइलवर मात्र ३९. आकडे नमुन्याचे आहेत, पण एवढा फरक उन्हाळ्यात सहज पडतो आणि गाडीतल्या आकड्याचा फोटो 'बदलापूर ४६ अंशांवर' म्हणून फिरू लागतो.

गैरसमज: गाडी खरी उष्णता मोजते, बाकीचे कमी दाखवतात.

गाडीचा सेन्सर बहुतेक वेळा पुढच्या बंपरमागे, जाळीजवळ असतो. खाली तापलेलं डांबर, मागे रेडिएटर आणि इंजिन. गाडी उभी असताना तिथे वारा खेळत नाही, त्यामुळे सेन्सरला गावची हवा लागतच नाही, गाडीच्या आजूबाजूला साचलेली गरम हवा लागते. हीच गाडी काटई रस्त्याला लागून दहा-पंधरा मिनिटं मोकळी धावली की आकडा ४६ वरून ४२ च्या आसपास उतरतो. एवढ्या वेळात गाव काही चार अंशांनी थंड झालेलं नसतं, फक्त सेन्सरवरून ताजी हवा वाहू लागलेली असते. म्हणून गाडीचा आकडा बघायचाच असेल तर चालत्या गाडीचा बघावा, आणि तोही डांबराच्या वर फूट-दीड फुटावरचा आहे हे लक्षात ठेवून.

गैरसमज: ॲपमध्ये बदलापूर लिहिलंय, म्हणजे तो बदलापुरातल्या तापमापकाचा आकडा.

सहसा तसं नसतं. बहुतेक ॲप संगणकी प्रारूपातून आकडा काढतात. त्यासाठी जमिनीचे चौकोन पाडलेले असतात, आणि बहुतेक जागतिक प्रारूपांत एकेक चौकोन साधारण दहा किलोमीटरचा किंवा त्याहून मोठा असतो. बदलापूरभोवतीच्या अशा चौकोनात उल्हास नदीकाठचा सखल भाग आणि मलंगगड-माथेरानकडचे डोंगर एकत्र येऊ शकतात. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते, त्यामुळे डोंगर मिसळलेल्या चौकोनाची सरासरी गावापेक्षा कमी येते. समुद्रावरचा वारा कुलाब्याला दुपारी लवकर पोहोचतो, बदलापूरपर्यंत यायला त्याला उशीर होतो. प्रारूपाने तो वेळेआधीच आत आणला, तर आकडा आणखी खाली जातो.

गैरसमज: सरकारी तापमापक सावलीत ठेवतात, म्हणून आकडा कमी येतो. आपण तर उन्हात फिरतो!

हा समज सर्वात घट्ट बसलेला आहे, म्हणून जरा थांबून बघू. सूर्यप्रकाश हवेतून बराचसा आरपार जातो. तापते ती जमीन, आणि जमिनीमुळे हवा. उन्हात धरलेला तापमापक हवेऐवजी स्वतःचंच तापणं मोजतो. एकाच जागी काळ्या आणि चकचकीत आवरणाचे दोन तापमापक उन्हात ठेवले, तर दोन वेगळे आकडे येतात, आणि त्यांपैकी एकही हवेचा नसतो. उन्हाचा त्रास खरा आहे, पण तो वेगळा मोजावा लागतो.

यावरचा उपाय म्हणजे स्टीव्हन्सन पेटी. दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्याने ती एकोणिसाव्या शतकात आखली. पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी, चारही बाजूंना दुहेरी तिरप्या झडपा: वारा आत जातो, ऊन जात नाही. तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, खाली शक्यतो गवत, भिंती आणि झाडं दूर. दार उत्तरेला, म्हणजे नोंद घेताना ऊन आत शिरू नये. आपल्याकडे यात एक अडचण आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य बदलापूरच्या डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकतो. उष्ण कटिबंधात म्हणूनच पेटीला दोन दारं असावीत असं सुचवलं जातं.

सगळीकडे नियम सारखे असल्यामुळेच कुलाबा आणि सांताक्रूझची तुलना करता येते, आणि सांताक्रूझचे १४ एप्रिल १९५२ चे ४२.२ अंश आजच्या आकड्यासमोर ठेवता येतात.

पेटीही निर्दोष नाही. वारा पडलेल्या कडक उन्हात तिचं लाकूडच तापतं आणि आकडा दोन-अडीच अंशांपर्यंत जास्त येऊ शकतो. पंख्याने हवा खेळवणारी आवरणं ही चूक बरीच कमी करतात.

घरगुती हवामानयंत्रं गच्चीवर बसवली तर खालचा स्लॅब त्यांना तापवतो. आवरण पुरेसं नाही हे ओळखायची साधी खूण आहे. उन्हात ढग आला आणि वारा, पाऊस काहीही नसताना आकडा मिनिट-दोन मिनिटांत तीन अंशांनी पडला, ढग सरकताच पुन्हा चढला, तर ते यंत्र ऊन मोजतंय. गावची हवा एवढ्या झटपट थंड होत नाही.