शिफारसपत्र: एक प्रसंग, एक गुण

समजा, रिठदच्या शाळेतील एका शिक्षिकेसाठी सहकाऱ्याने लिहिले: ‘बाई मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ व वक्तशीर आहेत.’ हे कोणालाही लागू पडते. वाचणाऱ्याच्या लक्षात काहीच राहत नाही.

चारही विशेषणे खोडा. स्वतः पाहिलेला एकच प्रसंग लिहा: ‘सोयाबीन काढणीच्या दिवसांत सहावीतली अकरा मुले शाळेत येईनात. बाई रोज संध्याकाळी एकेका घरी जाऊन आईवडिलांशी बोलल्या. पंधरा दिवसांत नऊ मुले परतली.’ दोन आली नाहीत, हे लपवू नका. त्यानेच पत्र खरे वाटते.

शेवटी त्या प्रसंगातून दिसणारा एकच गुण सांगा: ‘पालकांचा विश्वास मिळवणे, हे त्यांचे बळ.’ ऐकीव गोष्ट गाळा. शिफारस ही साक्षच असते. मग नाव झाकून वाचा. दुसऱ्या कोणालाही चालत असेल, तर पुन्हा लिहा.