नायट्रोजन निघून जातो तेव्हा

मागच्या लेखांकात बेन्झिनवर नायट्रो गट बसवला आणि कथिल व हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून त्याचे अमिनो गटात रूपांतर केले. हाती अ‍ॅनिलिन आले. ‘नीट’च्या रूपांतरांच्या प्रश्नांत अ‍ॅनिलिन वारंवार भेटते, कारण त्याचा –NH2 गट कडीला नेमकी दिशा दाखवतो आणि काम झाल्यावर त्याला काढूनही टाकता येते. हे काढून टाकणे कसे साधते, ते एका जुन्या प्रश्नावरून पाहू: अ‍ॅनिलिनपासून १,३,५-ट्रायब्रोमोबेन्झिन तयार करा.

थेट बेन्झिनवर ब्रोमीन सोडून हे का जमत नाही? पहिला ब्रोमीन बसला की तो पुढच्या ब्रोमीनला ऑर्थो आणि पॅरा जागांकडे पाठवतो. १,३,५ मध्ये तर प्रत्येक ब्रोमीन दुसऱ्यापासून मेटा जागी आहे. सरळ रस्ता इथेच बंद होतो.

म्हणून सुरुवात अ‍ॅनिलिनपासून. त्यात ब्रोमीन-पाणी घातले की कोणत्याही उत्प्रेरकाशिवाय, खोलीच्या तापमानालाच पांढरा साका खाली बसतो. हे २,४,६-ट्रायब्रोमोअ‍ॅनिलिन. –NH2 कडीवर इलेक्ट्रॉनची इतकी घनता आणतो की दोन्ही ऑर्थो आणि एक पॅरा, अशा तिन्ही जागा भरूनच क्रिया थांबते. आता आकडे नीट पाहावेत. पहिल्या जागेवरचा –NH2 उचलून तिथे हायड्रोजन ठेवला, तर उरलेले २, ४, ६ हे क्रमांक नव्याने मोजल्यावर १, ३, ५ होतात. प्रश्न निम्मा सुटला.

–NH2 मात्र असा सहजी सुटत नाही. आधी त्याचे डायअझोनियम गटात रूपांतर करावे लागते. सोडियम नायट्राइट आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांपासून भांड्यातच नायट्रस आम्ल तयार होते. ते अस्थिर असल्यामुळे आधी करून ठेवता येत नाही. साध्या अ‍ॅनिलिनसाठी समीकरण असे:

C6H5NH2 + NaNO2 + 2HCl → C6H5N2Cl + NaCl + 2H2O

समीकरणात आम्लाचे दोन मोल दिसतात, प्रयोगशाळेत त्याहून जास्त घेतात. आम्ल कमी पडले तर मोकळे राहिलेले अ‍ॅनिलिन नुकत्याच तयार झालेल्या क्षारालाच जाऊन जोडले जाते आणि पिवळा पदार्थ मिळतो. तापमान २७३ ते २७८ केल्विन, म्हणजे बर्फाच्या पाण्यातले. ते वाढले की नायट्रोजनचे बुडबुडे सुटू लागतात, पाणी हल्ला करते आणि फिनॉल तयार होते. क्रिया पुरी झाली हे ओळखायला स्टार्च-आयोडाइडचा कागद लावतात. शिल्लक नायट्रस आम्लामुळे तो निळा पडतो. आपल्या ट्रायब्रोमो अमाइनची आम्लारिता तीन ब्रोमीनमुळे फार कमी असते, त्यामुळे प्रत्यक्षात तिथे अधिक तीव्र आम्ल लागते. परीक्षेतल्या पर्यायांत NaNO2 आणि HCl एवढेच असते.

डायअझोनियम क्षारात दोन नायट्रोजन कडीला टांगलेले असतात आणि सुटले की ते N2 हा अत्यंत स्थिर वायू बनून भांड्याबाहेर जातात. त्यामुळे त्यांच्या जागी हवा तो गट आणता येतो. हायपोफॉस्फरस आम्ल, H3PO2, आणि पाणी दिले की त्या जागी हायड्रोजन येतो. १,३,५-ट्रायब्रोमोबेन्झिन तयार. इथेनॉलनेही हेच घडते, तेव्हा इथेनॉलचे इथेनाल होते.

या क्षारांचा शोध पीटर ग्रीस यांनी १८५८ मध्ये लावला. डायअझोनियम गटाच्या जागी क्लोरीन आणण्याची रीत १८८४ मध्ये झुरिकमध्ये ट्राउगोट सँडमायर यांना सापडली, तीही वेगळ्याच शोधात असताना. उपकरणे घडवणारे कारागीर म्हणून त्यांची सुरुवात झाली होती. क्षारावर कॉपर अ‍ॅसिटिलाइडची क्रिया करून फिनिलअ‍ॅसिटिलीन मिळवण्याचा त्यांचा प्रयत्न होता, पण हाती आले क्लोरोबेन्झिन. तांब्याचा क्यूप्रस क्षार हे काम करतो, हे त्यातून उलगडले. म्हणून Cu2Cl2 व HCl, Cu2Br2 व HBr किंवा CuCN व KCN दिसले की ती सँडमायर अभिक्रिया. क्यूप्रस क्षाराऐवजी तांब्याची पूड असेल तर गाटरमान. उत्पादन तेच, पण उतारा सहसा कमी. आयोडीनसाठी तांबे लागतच नाही, नुसते KI पुरते. फ्लोरीनसाठी HBF4 वापरून क्षार वेगळा काढतात आणि तापवतात; ती बाल्झ–शीमान अभिक्रिया.

यांपैकी CN वर विशेष लक्ष ठेवावे, कारण इथे कडीला एक कार्बन जास्तीचा मिळतो. अ‍ॅनिलिनपासून बेन्झॉइक आम्ल विचारले, तर सायनाइड बसवून त्याचे जलापघटन करायचे. बेन्झिलअमाइन हवे असेल तर त्याच सायनाइडवर LiAlH4.

हे सारे फक्त अ‍ॅरोमॅटिक अमाइनपुरते खरे आहे. कडीशी होणाऱ्या संस्पंदनामुळेच डायअझोनियम थंडीत टिकतो. इथिलअमाइनला तो आधार नाही. तिथे नायट्रस आम्ल घातले की बर्फातही नायट्रोजन लगेच बुडबुडत निघून जातो आणि मागे मुख्यतः इथेनॉल उरते. इथिलअमाइनपासून सँडमायरने क्लोरोइथेन मिळते, असे सांगणारा पर्याय म्हणूनच खोडायचा.